शंट किती ओहमचा घ्यावा?

देवळाली प्रवरा आणि राहुरीच्या पट्ट्यात फवारणीचा हंगाम सुरू झाला की दुरुस्तीच्या टेबलावर बॅटरीचे पाठीवरचे पंप येऊ लागतात. तक्रार बहुधा एकच असते: बॅटरी दिवसभर पुरत नाही. बॅटरी खराब आहे, मोटार जास्त करंट ओढते आहे, की पंप बंद असतानाही कुठेतरी करंट गळतो आहे? उत्तर देण्यासाठी करंट मोजावा लागतो. मेकॅनिक पिवळा मल्टिमीटर काढतो, लाल वायर दहा ॲम्पिअरच्या भोकात घालतो आणि मीटर मोटारीच्या वाटेत जोडतो. मोटारीचा आवाज किंचित बसतो. मोजायला गेलेल्या उपकरणानेच मोजायची गोष्ट बदललेली असते.

हा मीटर उघडून पाहण्यासारखा आहे. दहा ॲम्पिअरच्या भोकापासून निघालेली एक जाड तार कमानीसारखी वाकवून बोर्डात डाखलेली दिसते. तोच शंट, साधारण दहा मिलिओहमचा, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग. दहा ॲम्पिअर वाहिले की त्याच्या दोन टोकांत शंभर मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि आतली चिप तो फरक वाचून आकडा दाखवते. अनेक स्वस्त मीटरांवर या भोकापाशी बारीक अक्षरात लिहिलेले असते की दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ जोडू नका आणि मग पंधरा मिनिटे थांबा. कारण साधे आहे. दहा ॲम्पिअरला त्या तारेत एक वॉट उष्णता होते, तार तापते आणि तापली की आकडा सरकतो. मोटारीचा आवाज मात्र मुख्यतः शंटमुळे बसत नाही, मीटरच्या बारीक लाल-काळ्या वायरींमुळे बसतो. त्यांचा रोध शंटच्या कितीतरी पट असतो.

करंट मोजण्याचा अख्खा प्रश्न त्या तारेत सामावला आहे. शंटचा रोध वाढवला तर मोजायला भरपूर व्होल्टेज मिळते, पण वीज जळते. कमी केला तर वीज वाचते, पण मोजायला उरते ते इतके थोडे की ॲम्प्लिफायरची स्वतःची चूक त्यापेक्षा मोठी ठरते. शंटचा आकडा नेमका कसा ठरवावा, यावर या कामातल्या लोकांत आजही एकमत नाही.

कालव्यावरची तुलना

प्रवरेच्या कालव्यांवर वाढलेल्या माणसाला ही अडचण नवी वाटणार नाही. चारीतून किती पाणी जाते हे मोजायचे असेल तर पाटबंधारे खाते तिथे फ्ल्यूम किंवा खाचेचा बांध बांधते. पाणी थोडे अडते, वरच्या बाजूला चढते आणि चढलेल्या उंचीवरून विसर्ग काढतात. पण त्यासाठी उताराचा थोडा भाग खर्ची घालावा लागतो. सपाट रानात तेवढा उतारही परवडत नाही. शंट हा तारेतला फ्ल्यूमच आहे.

मूळ शब्दाचा अर्थ मात्र वेगळा आहे. शंट म्हणजे बाजूला वळवणे. काट्याच्या मीटरची कॉइल नाजूक असते आणि तिला काही मिलिॲम्पिअरच सोसतात. म्हणून सगळा करंट शेजारच्या जाड पट्टीतून वळवायचा आणि कॉइलला चुकार हिस्सा द्यायचा. तांब्याची पट्टी या कामाला चालत नाही, कारण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. सकाळी बरोबर असलेला मीटर दुपारी चुकतो. एडवर्ड वेस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँगॅनिन हा मिश्रधातू पुढे आणला. त्यात बहुतांश तांबे, सुमारे बारा टक्के मँगनीज आणि थोडे निकेल असते. नेहमीच्या तापमानात त्याचा रोध जवळपास हलत नाही, आणि चांगल्या शंटमध्ये आजही तोच किंवा त्याच्या नात्यातला धातू असतो.

काट्याच्या मीटरांबरोबर एक रूढीही आली. शंट पूर्ण भरल्यावर त्यावर ७५ मिलिव्होल्ट पडावेत, ही ती रूढी. बॅटरी चार्जरच्या पॅनलवर किंवा डीसी मोटारीच्या कपाटात दोन जाड पितळी ठोकळ्यांमध्ये पट्ट्या बसवलेला जो शंट दिसतो, त्यावर ‘१०० ॲम्पिअर, ७५ मिलिव्होल्ट’ असे कोरलेले असते. काटा हलवायला तेवढे व्होल्टेज लागत होते, म्हणून तो आकडा पक्का झाला. शंभर ॲम्पिअरला साडेसात वॉट जळतात आणि कपाटात ते कुणाला जाणवत नाहीत. मात्र काट्याच्या जागी ॲम्प्लिफायर आला तेव्हा ७५ मिलिव्होल्टला चिकटून राहण्याचे कारण उरले नाही. पंचाहत्तर नाही तर किती, हा वाद तिथून सुरू झाला.

वरची मर्यादा आणि खालची मर्यादा

फवारणी पंपाचेच उदाहरण घेऊ. समजा बॅटरी १२ व्होल्ट आणि ८ ॲम्पिअर-तासांची आहे आणि मोटार पूर्ण दाबाला ३ ॲम्पिअर घेते. पंपात एक छोटे सर्किट बसवून बॅटरीत किती शिल्लक आहे ते दाखवायचे आहे. त्यासाठी मोठा करंट हवा तसा लहानही नीट कळायला हवा. समजा २०० मिलिॲम्पिअरच्या करंटमध्ये पाच टक्क्यांपेक्षा जास्त चूक नको, म्हणजे १० मिलिॲम्पिअरपर्यंतची चूक चालेल.

आधी वरची बाजू. शंटमध्ये जळणारी वीज करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते: P = I²R. शंभर मिलिओहमच्या शंटमध्ये ३ ॲम्पिअरला ०.९ वॉट जातात. मोटारीला मिळणाऱ्या ३६ वॉटांच्या हिशेबात हे अडीच टक्के. दहा मिलिओहमला ०.०९ वॉट जातात आणि एक मिलिओहमला तर विचार करण्याएवढेही नाही. पाव वॉटाच्या वर वाया घालवायचे नाही असे ठरवले, तर शंट २८ मिलिओहमच्या पुढे जाता कामा नये.

आता खालची बाजू. ॲम्प्लिफायरच्या दोन इनपुटांत काहीच फरक नसतानाही तो थोडा फरक असल्यासारखा वागतो. याला ऑफसेट म्हणतात. दुकानात सहज मिळणाऱ्या एलएम३५८ चा ऑफसेट बहुतेक वेळा दोनेक मिलिव्होल्ट असतो, पण साध्या ग्रेडमध्ये तो सात मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि उत्पादक त्याबद्दल काही देणे लागत नाही. सात मिलिव्होल्टची चूक १० मिलिॲम्पिअरच्या आत ठेवायची तर शंट किमान ०.७ ओहमचा हवा. वरची मर्यादा २८ मिलिओहम आणि खालची ७०० मिलिओहम! या दोहोंमध्ये जागाच नाही. एलएम३५८ जसाच्या तसा लावून हे काम होणार नाही, शंट कोणताही घेतला तरी.

करंट मोजण्यासाठीच बनवलेली आयएनए२१९ ही चिप घेतली, तर तिच्या साध्या ग्रेडचा ऑफसेट जास्तीत जास्त १०० मायक्रोव्होल्ट आहे. मग खालची मर्यादा १० मिलिओहमवर येते आणि १० ते २८ अशी खिडकी उघडते. आयएनए२२६ मध्ये ऑफसेट १० मायक्रोव्होल्टांच्या आत असतो, तिथे खिडकी १ पासून २८ मिलिओहमपर्यंत रुंद होते. दहा मिलिओहमचा शंट घेतला तर दोन्ही बाजूंना मोकळीक राहते.

गंमत अशी की आयएनए२१९ चे तयार बोर्ड बाजारात मिळतात त्यांवर शंट शंभर मिलिओहमचा असतो, अंगावर ‘R100’ लिहिलेला. बोर्ड बनवणाऱ्याने प्रयोग करणाऱ्याच्या लहान करंटांचा विचार केला, पंपाच्या मोटारीचा नाही. पंपाची सील अडकून मोटार जाम झाली आणि १५ ॲम्पिअर ओढू लागली, तर शंभर मिलिओहमवर दीड व्होल्ट पडतो आणि साडेबावीस वॉट उष्णता होते. तो रेझिस्टर सहसा एक-दोन वॉटांचा असतो. फ्यूज जाण्याआधी तो काळा पडतो. दहा मिलिओहमला त्याच प्रसंगी सव्वादोन वॉट होतात आणि फ्यूज वेळेवर उडाला तर शंट वाचतो.

तीन बाजू

मोठा शंट आणि साधा ॲम्प्लिफायर हवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा व्यवहाराचा आहे. एलएम३५८ कोणत्याही गावात मिळतो, खराब झाला तर बदलता येतो. ऑफसेट नको असेल तर करंट शून्य असताना वाचन घ्या आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून ते वजा करा. हे खरेच चालते, पण दोन अडचणी राहतात. पहिली म्हणजे ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो. एलएम३५८ मध्ये हे सरकणे दर अंशाला साधारण सात मायक्रोव्होल्ट असते. पहाटेच्या १५ अंशांपासून उन्हात तापलेल्या टाकीतल्या ४५ अंशांपर्यंत दोनशे मायक्रोव्होल्ट होतात, म्हणजे दहा मिलिओहमच्या शंटवर २१ मिलिॲम्पिअर. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. एकाच बाजूच्या सप्लायवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचे आउटपुट शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. ऑफसेट उणे बाजूचा असला तर करंट नसताना आउटपुट खाली टेकलेले असते आणि आकडा शून्य दिसतो, म्हणून सर्किट निर्दोष वाटते. प्रत्यक्षात पहिले काही मिलिॲम्पिअर ते पाहतच नाही. ओळखायचे कसे? बॅटरीवर १२० ओहमचा, दोन वॉटांचा रेझिस्टर जोडून शंटमधून सुमारे १०५ मिलिॲम्पिअर सोडायचे. आकडा शून्यावरच राहिला किंवा ६० दिसला, तर शून्य खोटे आहे.

दुसरी बाजू म्हणजे लहान शंट आणि नेमका ॲम्प्लिफायर. यातल्या अनेक चिप स्वतःचा ऑफसेट सतत मोजून स्वतःच वजा करतात, त्यामुळे तापमानाचा परिणाम जवळपास राहत नाही. किंमत जास्त असते, पण सर्किटचे बाकीचे भाग कमी होतात. या बाजूला विरोध करणारे म्हणतात की चूक ॲम्प्लिफायरमधून निघाली आणि बोर्डात शिरली. ते चुकीचे बोलत नाहीत. नेहमीच्या जाडीच्या बोर्डावरच्या तांब्याच्या चौकोनी तुकड्याचा रोध, तो केवढाही असो, अर्धा मिलिओहम असतो. दहा मिलिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर रुंद पट्टी म्हणजे दोन चौकोन, एक मिलिओहम. मोजणाऱ्या वायरी शंटच्या पायांऐवजी या पट्टीच्या टोकांवरून घेतल्या, तर दहा मिलिओहमचा शंट अकराचा होतो. ही दहा टक्क्यांची चूक नुसती स्थिरही नसते, कारण पट्टी तांब्याची आहे. बोर्ड चाळीस अंशांनी तापला की आकडा आणखी दीड टक्का सरकतो.

उपाय जुना आहे. करंटला दोन वाटा आणि मोजणीला दोन वेगळ्या वाटा द्यायच्या, आणि मोजणीच्या वाटा शंटच्या पॅडच्या आतल्या कडेवरून निघाल्या पाहिजेत. पितळी ठोकळ्यांच्या शंटवर दोन मोठे बोल्ट आणि दोन छोटे स्क्रू असतात ते याचसाठी. दुरुस्तीत नेमकी इथे गडबड होते. कुणीतरी छोट्या स्क्रूची वायर मोठ्या बोल्टाखाली दाबतो, आणि मग बोल्ट किती आवळला यावर आकडा हलू लागतो. बोल्टावर हात ठेवून हलवल्यावर वाचन बदलले तर दुसरे काही शोधायची गरज नाही.

तिसरी बाजू म्हणते, शंटच नको. करंटभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारे हॉल सेन्सर घ्या. एसीएस७१२ हा सर्वांच्या ओळखीचा. त्यातून जाणाऱ्या वाटेचा रोध सुमारे १.२ मिलिओहम, म्हणजे तीन ॲम्पिअरला अकरा मिलिवॉटही जळत नाहीत. शिवाय मोजणीचे सर्किट मोठ्या व्होल्टेजपासून आपोआप वेगळे राहते. पण त्याच्या आउटपुटवरचा गोंगाट पाच ॲम्पिअरच्या मॉडेलमध्ये शंभर मिलिॲम्पिअरच्या आसपास असतो. सरासरी काढून तो कमी करता येतो, पण शून्याचे सरकणे सरासरीने जात नाही. फवारणी पंपाच्या २०० मिलिॲम्पिअरच्या गरजेला तो कमी पडतो. ई-रिक्षाच्या पन्नास ॲम्पिअरच्या मोटारीला त्याच जातीचा मोठा सेन्सर चांगला ठरतो. हा वाद सामान्यपणे सुटणारा नाही. तो प्रत्येक वेळी मोजायच्या सर्वांत लहान करंटवर सुटतो.

शंट वर की खाली

शंट बॅटरीच्या निगेटिव्ह वाटेत बसवावा की पॉझिटिव्ह, हा शेजारचा वाद आहे. निगेटिव्हमध्ये मोजणे सोपे, कारण शंटची दोन्ही टोके शून्याजवळ असतात. पॉझिटिव्हमध्ये दोन्ही टोकांवर बारा व्होल्ट असतात आणि त्यांतला तीस मिलिव्होल्टचा फरक वेगळा काढायचा असतो. चार रेझिस्टर लावून साध्या ॲम्प्लिफायरवर हे करता येते असे पुस्तकात दिसते. दहा पट वाढवणाऱ्या अशा सर्किटात एक टक्क्याचे रेझिस्टर घेतले आणि चारही सर्वांत वाईट बाजूला पडले, तर बारा व्होल्ट सुमारे ४४ मिलिव्होल्टची खोटी भर घालतात. खरा सिग्नल तीसचा! त्यातही बॅटरी उतरेल तशी ही भर बदलते, म्हणून एकदा वजा करून काम भागत नाही. म्हणूनच पॉझिटिव्ह बाजूला कारखान्यातच रेझिस्टर जुळवून दिलेल्या चिप वापरतात.

फवारणी पंपाच्या प्लास्टिकच्या टाकीत निगेटिव्ह बाजू पुरेशी आहे. ट्रॅक्टर किंवा मोटरसायकलमध्ये ती फसते, कारण तिथे चासीच निगेटिव्ह असते. एखादी वायर घासून चासीला लागली तर तो करंट शंटला बगल देऊन बॅटरीत परततो आणि मोजणीत दिसतच नाही.

घरच्या मीटरचे कोडे

एवढे सगळे वाचल्यावर घराच्या भिंतीवरचा महावितरणचा इलेक्ट्रॉनिक मीटर कोड्यासारखा वाटतो. सिंगल फेज मीटरमध्ये फेजच्या वाटेत मँगॅनिनचा छोटा शंट असतो आणि त्याचा रोध काही शे मायक्रोओहम असतो. तीनशे धरला तर साठ ॲम्पिअरला एक वॉटाच्या जवळपास जळतो, ठीक आहे. पण नऊ वॉटांचा एकच एलईडी बल्ब लागला, तर करंट सुमारे ४० मिलिॲम्पिअर आणि शंटवर १२ मायक्रोव्होल्ट. वर आयएनए२२६ चा ऑफसेटच दहा मायक्रोव्होल्ट होता. तरीही मीटर तो बल्ब मोजतो.

उलगडा एसीमध्ये आहे. मीटरला करंट नको, वीज हवी, म्हणून तो करंट आणि व्होल्टेज यांचा गुणाकार करून सरासरी काढतो. ऑफसेट स्थिर असतो आणि व्होल्टेज सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होते. स्थिर आकड्याला अशा लहरीने गुणले की पूर्ण फेरीत बेरीज शून्य येते. ऑफसेट आपणहून गळून पडतो. डीसीत ही सोय नाही, तिथे ऑफसेट आणि खरा करंट सारखेच दिसतात. त्यामुळे घरच्या मीटरचा शंट काढून फवारणी पंपात बसवणे ही काटकसर ठरत नाही.

मीटरमध्ये शंट टिकण्याचे दुसरे कारण खास आपल्याकडचे. करंट ट्रान्सफॉर्मरचा गाभा जवळ ठेवलेल्या जोरकस चुंबकाने भरून जातो आणि तो कमी करंट दाखवतो. शंटला चुंबकाचे काही वाटत नाही. म्हणून अनेक मीटरमध्ये फेजला शंट आणि न्यूट्रलला ट्रान्सफॉर्मर असतो. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर मीटर ते नोंदवून ठेवतो.

अजून न सुटलेले

बॅटरीतली शिल्लक मोजण्याचा प्रश्न सर्वांत चिवट आहे. शिल्लक काढायची तर करंट सतत बेरीज करत जावा लागतो, आणि बेरजेत चूकही साठत जाते. शंभर मिलिओहमचा शंट आणि दोन मिलिव्होल्टचा ऑफसेट असेल तर २० मिलिॲम्पिअर खोटे दिसतात. पंप रात्रभर, सोळा तास, ठेवला की हिशेबात ०.३२ ॲम्पिअर-तास चुकलेले असतात, आठाच्या बॅटरीचे चार टक्के. दहा मिलिओहम आणि दहा मायक्रोव्होल्ट घेतले तर तीच चूक १६ मिलिॲम्पिअर-तास राहते. पण महिनाभर न वापरलेल्या पंपात तीही अर्ध्या ॲम्पिअर-तासापलीकडे जाते. बॅटरी पूर्ण भरली की हिशेब पुन्हा शंभरावर आणायचा, हा रूढ तोडगा आहे. मात्र विजेच्या वेळापत्रकामुळे बॅटरी अर्धवट भरून शेतात नेली जाते तिथे तो लागूच होत नाही. काही जण अशा वेळी करंट सोडून बॅटरीच्या विश्रांतीच्या व्होल्टेजवर विसंबतात, आणि जुन्या बॅटरीत ते व्होल्टेजही फसवते.

सौर कृषी पंपात प्रश्न वेगळे वळण घेतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत ३, ५ आणि साडेसात एचपीचे पंप दिले जातात. पॅनल एकामागे एक जोडलेले असल्याने डीसी व्होल्टेज काही शेंमध्ये जाते. तिथे शंटचा सिग्नल विलग करणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून न्यावा लागतो. अशा चिप आधी २५० मिलिव्होल्टच्या इनपुटसाठी येत, आता ५० मिलिव्होल्टच्याही मिळतात. वीस ॲम्पिअरच्या वाटेत याचा अर्थ पाच वॉटांऐवजी एक वॉट. बंद पेटीत, मे महिन्याच्या उन्हात, हा फरक पंखा लावावा की नाही एवढा मोठा असतो.

विहिरीतले पाणी संपले तर पंप कोरडा चालू नये, म्हणून कंट्रोलर करंटवर लक्ष ठेवतो. पाणी नसले की मोटारीवरचा भार कमी होतो आणि करंट उतरतो. पण ढग आला तरी करंट उतरतो. नुसता शंट कितीही नेमका घेतला तरी त्याला या दोन उतारांत फरक दिसत नाही. करंट आणि मोटारीचा वेग एकत्र पाहावे लागतात: ढगात दोन्ही एकत्र पडतात, कोरड्यात वेग टिकतो आणि करंटच पडतो. सीमारेषा कुठे आखायची हे प्रत्येक बोअरच्या खोलीवर आणि पाइपाच्या लांबीवर बदलते. त्यामुळे कंट्रोलर बसवणारा माणूस पहिल्या दिवशी, भर दुपारी, पाणी पूर्ण येत असताना करंटचा आकडा लिहून घेतो आणि त्यावरून ती रेषा हाताने ठरवतो.